प्रश्नाविना आलेले वीजबिल: काय वाचावे, काय सांगावे

वीजबिलाचा फोटो येतो आणि खाली एक ओळही नसते. पाठवणाऱ्याला बिल जास्त वाटते आहे, की शेवटची तारीख कळत नाही, की एखादा नवा आकार पाहून तो गोंधळला आहे, यातले काहीच लिहिलेले नसते. अशा वेळी ‘तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे?’ असे उलट विचारण्यात एक दिवस जातो आणि बहुतेकांना तो प्रश्न शब्दांत मांडताही येत नाही. काहीतरी खटकते आहे एवढेच त्यांना कळलेले असते. म्हणून बिल तपासायला नव्याने बसणाऱ्याने तीन गोष्टी न विचारताच सांगायच्या: किती युनिट वापरले गेले आणि ते नेहमीच्या मानाने कसे आहेत, कोणती रक्कम नेहमीसारखी दिसत नाही, आणि कोणत्या तारखेपर्यंत किती भरायचे आहे.

उत्तर लिहिताना तारीख आधी येते. तपासताना मात्र युनिटपासून सुरुवात करायची, कारण बिलातली जवळजवळ प्रत्येक रक्कम युनिटवर उभी असते. युनिट चुकले असतील तर खालचे सगळे आकार बिनचूक गणिताने चुकीचे येतात, आणि आकारांकडे कितीही वेळ पाहिले तरी चूक सापडत नाही.

पहिली पायरी: हाती आलेला कागद कोणता आहे ते पाहा

सर्वात आधी बिलाची तारीख आणि बिलाचा महिना वाचा. जुने बिल चुकून पाठवले जाणे अगदी नेहमीचे आहे. त्यावरची मुदत कधीच उलटून गेलेली असते आणि रक्कमही पुढच्या बिलात ओढली गेलेली असते. अशा बिलावर ‘आजच भरा’ असे सांगितले तर माणूस तीच रक्कम दोनदा भरू शकतो.

मग फोटोत काय आलेले नाही ते बघा. बऱ्याच बिलांत पुढच्या बाजूला एकूण रक्कम असते आणि मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता किंवा आलेख कडेला नाहीतर मागच्या पानावर असतो. नेमका तोच फोटोतून कापला जातो. उष्णतेने छापलेल्या पातळ कागदावरची अक्षरे काही काळाने फिकी पडतात आणि त्यावर 3 व 8, 1 व 7, 5 व 6 हे इंग्रजी आकडे एकमेकांसारखे दिसतात. शंका आली तर डोळे ताणत बसू नका, गणित वापरा: साध्या घरगुती बिलात चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केल्यावर सहसा छापलेले युनिट यायला हवेत. तीनपैकी दोन आकडे स्पष्ट असतील तर तिसरा आपोआप ठरतो.

काही भाग दिसतच नसेल तर जेवढे वाचता येते तेवढे सांगा आणि हवा असलेला तुकडा नेमका मागा. ‘फोटो नीट पाठवा’ म्हटले की तसाच दुसरा फोटो येतो. ‘मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असलेल्या बाजूचा फोटो पाठवा’ म्हटले की हवे ते मिळते. ग्राहक क्रमांक, नाव आणि पत्ता उत्तरात पुन्हा लिहायची गरज नसते. ते न लिहिलेलेच चांगले.

दुसरी पायरी: युनिट

एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. मीटरच्या पडद्यावर ती `kWh` या खुणेपुढे दिसते. बिलावर तिच्याशी जोडलेल्या चार जागा असतात: मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक आणि एकूण वापर. चालूतून मागील वजा करायचे, गुणकाने गुणायचे आणि छापलेल्या वापराशी पडताळायचे. साध्या घरगुती जोडणीत गुणक १ असतो. मोठ्या भाराच्या जोडणीत मीटरमधून सगळा प्रवाह थेट जात नाही, त्याचा ठरावीक हिस्साच जातो, म्हणून तिथे गुणक २० किंवा ४० असू शकतो. घराच्या बिलावर १ सोडून दुसरा गुणक दिसला तर तिथेच थांबा. ती एक नोंद चुकली असेल तर पुढचे काहीच खरे नाही.

पडताळा जुळला नाही तर लगेच ‘चूक सापडली’ म्हणू नका. त्या महिन्यात मीटर बदललेला असेल तर जुन्या मीटरचे शेवटचे युनिट वेगळ्या ओळीत, बहुधा ‘समायोजित युनिट’ अशा नावाने, मिळवलेले असतात. मीटर क्रमांक मागच्या बिलाशी जुळतो का हे पाहिले की कळते.

यानंतर दिवस मोजा. ही पायरी नवे लोक हमखास विसरतात. एक बिल २८ दिवसांचे आणि पुढचे ३४ दिवसांचे असेल तर वापर तसाच राहूनही युनिट पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलेले दिसतात. म्हणून मागील आणि चालू रीडिंगच्या तारखांमधले दिवस मोजून युनिटांना त्यांनी भागा आणि दररोजचा वापर काढा. तुलना दररोजच्या वापराची करायची, आणि जमल्यास मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. लागून असलेल्या महिन्याशी केलेली तुलना ऋतू बदलताना फसवते.

तिसरी पायरी: रीडिंग खरे आहे की अंदाजाचे

बिलावर रीडिंगजवळ किंवा मीटरच्या माहितीत एक छोटा शेरा असतो. रीडिंग प्रत्यक्ष घेतले, की दार बंद असल्याने घेता आले नाही, की मीटर नादुरुस्त आहे, की सरासरीने बिल काढले, हे तो सांगतो. त्याचे शब्द आणि खुणा पुरवठादारागणिक बदलतात, पण अर्थ एवढाच असतो. अचानक फुगलेल्या बिलामागचे कारण बहुतेक वेळा याच शेऱ्यात, किंवा मागच्या काही बिलांवरच्या याच शेऱ्यात लपलेले असते.

शेरा दिसत नसला तरी तक्ता बोलतो. सलग दोनतीन महिने अगदी तेवढेच युनिट, म्हणजे १८०, १८०, १८०, असे राहत्या घरात सहसा होत नाही. तसे दिसले तर ते महिने सरासरीचे होते असे धरून चाला आणि त्यानंतरचे पहिले खरे रीडिंग कुठे आले ते शोधा. मोठा आकडा तिथेच असतो.

सरासरीचे बिल दोन पद्धतींनी निघते आणि त्या ओळखायला शिकलेच पाहिजे. पहिल्या पद्धतीत रीडिंग पुढे सरकत नाही. मागील आणि चालू रीडिंग एकच छापतात आणि वापर मात्र सरासरीचा लावतात. खरे रीडिंग मिळाले की आधीच्या सगळ्या महिन्यांचे युनिट एकदम मोजले जातात आणि मधल्या बिलांचे पैसे वजा केले जातात. दुसऱ्या पद्धतीत रीडिंगही अंदाजाने पुढे सरकवतात. मग खरे रीडिंग आल्यावर उरलेला फरक तेवढा त्या बिलात येतो. पहिल्या पद्धतीत वजावट झाली का हे पाहावे लागते. दुसरीत वजावटीची ओळ नसणेच बरोबर असते.

एक बिल पूर्ण वाचून पाहू

समजा ५ जुलै तारखेचे एक घरगुती बिल आले आहे. त्यावर मागील रीडिंग ८१४०, चालू रीडिंग ९०४०, गुणक १ आणि वापर ९०० युनिट. रीडिंग ३० जूनला घेतले आहे. तक्त्यात मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांपुढे १८० युनिट आहेत. त्याआधीचे महिने १७० ते १९० च्या दरम्यान आहेत. वीज आकार ९२००, त्याखाली समायोजित रक्कम वजा ३१२०. देय दिनांक २५ जुलै. थकबाकी शून्य. पैशांचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, चलन कोणतेही धरा.

वजाबाकी जुळते: ९०४० वजा ८१४० म्हणजे ९००. पण हे ९०० एका महिन्याचे नाहीत. तीन महिने सारखेच १८० आहेत, म्हणजे शेवटचे खरे रीडिंग फेब्रुवारीअखेरचे. १ मार्च ते ३० जून हे १२२ दिवस होतात. ९०० ला १२२ ने भागले की दररोज साधारण ७.४ युनिट येतात, म्हणजे महिन्याला सुमारे २२५. आधीचा वापर महिन्याला १८० होता. म्हणजे वापर खरोखर वाढला आहे, पण चौथ्या हिश्शाएवढाच. ‘पाचपट वापर’ असे जे दिसते ते चार महिने एकाच कागदावर आल्यामुळे दिसते.

आता दराकडे येऊ. घरगुती दर बऱ्याच ठिकाणी टप्प्यांचे असतात: पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग. समजा पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४, १०१ ते ३०० पर्यंत ८ आणि ३०० च्या पुढे १२ असा दर आहे. ९०० युनिट एकाच महिन्याचे मानले तर पहिल्या १०० चे ४००, पुढच्या २०० चे १६०० आणि उरलेल्या ६०० चे ७२०० होतात. एकूण ९२००. बिलावर नेमका हाच आकडा आहे.

हेच ९०० युनिट चार महिन्यांत वाटले तर प्रत्येक महिन्याला २२५ येतात. पहिल्या १०० चे ४०० आणि उरलेल्या १२५ चे १०००, मिळून १४००. चार महिन्यांचे ५६००. तिसऱ्या, महागड्या टप्प्याला हे घर कधी शिवलेलेच नाही.

वजावट तपासा. १८० युनिटांच्या प्रत्येक बिलाचे ४०० आणि ६४० मिळून १०४० होतात, तिन्हींचे ३१२०. ही रक्कम बिलावर बरोबर वजा झालेली आहे. आणि इथेच नवा माणूस फसतो. वजावटीची ओळ दिसते, आकडा जुळतो, आणि तो बिल ठीक आहे असे सांगून मोकळा होतो. पण टप्पे महिन्यांप्रमाणे वाटलेलेच नाहीत. ९२०० मधून ३१२० गेले की ६०८० उरतात. ५६०० मधून ३१२० गेले की २४८० उरायला हवे होते. फरक ३६०० चा आहे. वीज आकारावर १० टक्के कर असेल तर त्यातही ३६० जास्त लागले आहेत.

वीज आकार किती महिन्यांवर वाटला हे बिलावर थेट छापलेले असेलच असे नाही. ते कळण्याचा मार्ग वर केला तोच: दरपत्रकातले टप्पे घेऊन दोन्ही प्रकारे हिशेब करायचा आणि छापलेला आकडा कोणत्या हिशेबाशी जुळतो ते पाहायचे. दरपत्रक हाताशी नसेल तरी एक झटपट खूण आहे. वीज आकाराला युनिटांनी भागा. इथे ९२०० भागिले ९०० म्हणजे सुमारे १०.२ येतात. आधीच्या बिलात १०४० भागिले १८० म्हणजे ५.८ होते. वापर थोडाच वाढलेला असताना सरासरी दर जवळजवळ दुप्पट झाला, तर टप्पे वाटले गेलेले नाहीत अशी दाट शंका घ्यायला जागा आहे. ज्या जोडणीला सगळ्या युनिटांचा एकच दर असतो तिथे हा प्रश्नच येत नाही, म्हणून टप्पे आहेत का हे आधी पाहून घ्या.

उरली एक गोष्ट, जी बिलावरून कधीच कळत नाही: ९०४० हे रीडिंग तरी खरे आहे का? त्यासाठी पाठवणाऱ्याला आजचे मीटर वाचायला सांगा. आज २२ जुलै आहे आणि मीटरवर ९२०५ दिसते असे धरू. ३० जूनपासून २२ दिवसांत १६५ युनिट, म्हणजे दररोज ७.५. आधी काढलेल्या ७.४ शी हे छान जुळते, तेव्हा रीडिंगवर विश्वास ठेवता येतो. याउलट आजचा आकडा ९०४० पेक्षा कमी असता, तर ३० जूनचे रीडिंग चुकले हे तिथेच सिद्ध झाले असते, कारण वीज फक्त घेतली जाते अशा जोडणीत मीटरचा आकडा उलटा जात नाही. अशी चूक बहुधा आकड्यांची अदलाबदल झाल्याने, दशांश चिन्हानंतरचा आकडा रीडिंगमध्ये धरल्याने, किंवा पडदा बदलत असताना `kWh` ऐवजी `kVAh` या दुसऱ्याच मोजणीची ओळ टिपल्याने होते. मीटर वाचायला सांगताना म्हणूनच `kWh` ही खूण आणि मीटर क्रमांक दोन्ही एका फोटोत मागा. इमारतीच्या पेटीत शेजाऱ्याचाच मीटर वाचला जाण्याचे प्रकार कमी नाहीत.

चौथी पायरी: न ओळखीचे आकार

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि कर किंवा शुल्क या ओळी बहुधा दर महिन्याला असतात. त्यातले स्थिर आकार वगळता बाकीचे युनिटांबरोबर वाढतात. त्यामुळे युनिट वाढल्यावर इंधन समायोजन वाढले म्हणून ते वेगळे काढून दाखवू नका. त्याचा प्रति युनिट दर मागच्या बिलापेक्षा बदलला असेल तरच ते सांगण्यासारखे आहे.

स्थिर आकार मात्र वापर शून्य असला तरी लागतो. बंद घराच्या बिलाने लोक चक्रावतात ते याचमुळे. स्थिर आकार स्वतःच बदललेला दिसला तर मंजूर भार, जोडणीचा प्रकार आणि फेज या तीन जागा मागच्या बिलाशी ताडून पाहा. घरगुती जोडणी व्यापारी प्रकारात गेली असेल तर स्थिर आकार आणि दर दोन्ही एकदम चढतात, आणि ते कारण बिलाच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या शब्दात असते.

खरे लक्ष द्यायचे ते एखाद्याच महिन्यात उगवणाऱ्या ओळींकडे. थकबाकी ही त्यातली सर्वात जास्त भेटणारी. मागचे बिल खरेच राहिले असेल तर ती बरोबर. पण अनेकदा मागचे बिल भरलेले असते, फक्त ते नवे बिल तयार झाल्यानंतर भरलेले किंवा जमा झालेले असते. बिलावर ‘शेवटचे भरलेले’ अशा नावाची एक जागा असते, तिथली तारीख आणि रक्कम पाठवणाऱ्याला पावतीशी पडताळायला सांगा. पावतीची तारीख बिलाच्या तारखेच्या एकदोन दिवस इकडेतिकडे असेल तर बहुधा भरणा वाटेत होता. तेव्हा थकबाकी वगळून आताची देय रक्कम किती आहे हे पुरवठादाराच्या खात्यात पाहून भरायला सांगावे. बिलावरचा एकूण आकडा तसाच भरला तर जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात. बुडत नाहीत, पण अडकून पडतात.

सुरक्षा ठेवीची मागणी हा दुसरा आकडा लोकांना घाबरवतो. वर्षभराचा वापर वाढला की पुरवठादार ठेव वाढवून मागू शकतो. ती वीज वापराची किंमत नसते, ठेवच असते. काही ठिकाणी तिचे वेगळे बिल निघते, काही ठिकाणी त्याच कागदावर वेगळी ओळ असते. तुम्ही एवढेच सांगायचे की ही रक्कम या महिन्याच्या विजेची नाही.

‘समायोजित रक्कम’ किंवा ‘इतर आकार’ अशा नावाची ओळ म्हणजे काय, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही; वरच्या बिलासारखा आकडा हिशेबाशी जुळला तरच कळते. ती जुन्या चुकीची दुरुस्ती असू शकते, मीटर तपासणीचे शुल्क असू शकते किंवा न वटलेल्या धनादेशाचा दंड असू शकतो. कारण अंदाजाने भरू नका. रक्कम दाखवा, ती अधिक आहे की वजा ते सांगा आणि पुरवठादाराकडून तिचा तपशील मागायला सांगा. नव्या तपासणाऱ्यांकडून सर्वात मोठी हानी होते ती इथे: आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे कारण घेऊन माणूस खिडकीवर भांडायला जातो.

पाचवी पायरी: तारीख

बिलावर तीन ते चार तारखा असतात आणि त्यातली एकच भरण्याची शेवटची असते. बिलाची तारीख, रीडिंगची तारीख, लवकर भरल्यास सवलतीची तारीख आणि देय दिनांक. सवलतीची तारीख देय दिनांकाच्या आधी येते आणि तिची रक्कम किंचित कमी असते, त्यामुळे एकाच बिलावर दोनतीन वेगवेगळ्या ‘भरायच्या रकमा’ दिसतात: त्या तारखेपर्यंत एवढे, देय दिनांकापर्यंत एवढे, त्यानंतर एवढे. उत्तर देण्याच्या दिवशी यातली कोणती लागू आहे ती एकच ठळक सांगा.

थकबाकी असेल तर आणखी एक बारकावा आहे. देय दिनांक चालू बिलापुरता असतो. थकबाकी आधीच मुदतीबाहेर गेलेली असते आणि ती साधारणपणे ताबडतोब भरायची असते. ‘२५ तारखेपर्यंत वेळ आहे’ असे सरसकट सांगितले तर जुन्या रकमेवर व्याज चढत राहते आणि वीज तोडण्याची सूचना आधीच निघालेली असू शकते. ऑनलाइन भरताना पैसे खात्यातून गेल्याचा दिवस आणि पुरवठादाराकडे जमा झाल्याचा दिवस वेगळे असू शकतात, म्हणून शेवटच्या दिवशी रात्री भरण्याचा सल्ला देऊ नये.

बिलात चूक वाटत असली तरी तक्रार केल्याने मुदत आपोआप थांबते असे धरू नका. तक्रार देय दिनांकाआधी लेखी द्यावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि वाद असलेली रक्कम बाजूला ठेवून उरलेली भरता येईल का हे त्याच वेळी विचारून घ्यावे. उत्तर मिळेपर्यंत वीज तोडली जाणार नाही, हेही लेखीच मागावे.

सहावी पायरी: उत्तर लिहिणे

उत्तर तीनचार छोट्या परिच्छेदांत बसायला हवे. प्रत्येक विधानाबरोबर ते बिलावर कुठे दिसते हे सांगा, म्हणजे माणूस स्वतः बोट ठेवून पाहू शकतो. ‘चूक आहे’ हा शब्द गणित जुळत नसेल तेव्हाच वापरायचा. बाकी ठिकाणी ‘हे तपासून घ्या’. वर वाचलेल्या बिलाचे उत्तर असे होईल:

> हे ५ जुलैचे बिल आहे. भरण्याची शेवटची तारीख २५ जुलै, म्हणजे आजपासून तीन दिवस आहेत. मागची थकबाकी नाही.
>
> वापर ९०० युनिट दाखवला आहे, पण तो एका महिन्याचा नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत १८० युनिटांचे सरासरी बिल आलेले दिसते (उजवीकडचा तक्ता पाहा). चार महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण २२५ युनिट होतात, म्हणजे पूर्वीपेक्षा चौथ्या हिश्शाने जास्त.
>
> आधी भरलेल्या तीन बिलांचे ३१२० वजा केलेले आहेत, ते बरोबर आहे. पण वीज आकार ९२०० हा सगळे ९०० युनिट एकाच महिन्यात वापरल्यासारखा लावलेला दिसतो. चार महिन्यांत विभागून काढला तर तो ५६०० होतो. सुमारे ३६०० चा फरक आहे, शिवाय त्यावरचा कर.
>
> २५ तारखेआधी लेखी अर्ज द्या: ‘चार महिन्यांचा वापर महिन्यांप्रमाणे विभागून बिल दुरुस्त करून मिळावे.’ सोबत मार्च ते मेची बिले आणि मीटरचा आजचा फोटो जोडा. अर्जाचा क्रमांक घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत किती रक्कम भरायची हे तिथेच विचारा.

या उत्तरात पंख्याचा, गिझरचा किंवा वीज वाचवण्याचा एकही सल्ला नाही. कोणत्या उपकरणाने किती वीज घेतली हे बिलाला ठाऊक नसते, त्यामुळे बिल वाचणाऱ्यालाही ते सांगता येत नाही. मीटर जलद चालतो का, हेही कागदावरून ठरत नाही. तशी शंका घेण्याआधी घरातले सगळे बंद करून मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबतो का ते पाहायला सांगता येते. सगळे बंद असूनही तो लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज जाते आहे, मग ती गळती असो, न दिसणारे चालू उपकरण असो किंवा दुसऱ्याची जोडणी असो. त्याचा शोध वीजतंत्र्याने घ्यायचा.

पुष्कळ बिलांत काहीच वावगे नसते. तेव्हा तेच सांगा: ३१ दिवसांत १९२ युनिट, मागच्या वर्षीच्या याच महिन्याइतकेच, सर्व आकार नेहमीचे, अमुक तारखेपर्यंत एवढी रक्कम. चार ओळींचे हे उत्तरही पूर्ण आहे. काहीतरी दाखवायचेच म्हणून इंधन समायोजनातल्या किरकोळ फरकावर बोट ठेवले, तर पाठवणारा पुढचे चार दिवस त्या एका ओळीच्या मागे लागतो आणि देय दिनांक निघून जातो.